आठव्या दिवसानंतरही अंगावर जातं तेव्हा

पाळी किती दिवस चालली म्हणजे ती लांबली असं म्हणायचं? लोणारच्या बाईनं विचारलं काय किंवा शेगावच्या, उत्तर एकच आहे, आणि ते ठरवायला जगभरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना बराच काळ लागला. फिगो या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१८ साली व्याख्या नक्की केली. रक्तस्राव आठ दिवसांपर्यंत चालला तर तो नेहमीच्या मर्यादेत धरायचा, त्यापुढे गेला तर लांबलेला. दोन पाळ्यांमधलं अंतर २४ ते ३८ दिवसांचं असावं आणि ते मोजायचं एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. जुन्या पुस्तकांत सात दिवसांची रेघ होती, म्हणून आजही अनेक डॉक्टर ‘आठवड्याच्या पुढे’ असंच विचारतात. या एका दिवसाच्या फरकावर फारसं काही अवलंबून नाही. एखाद्या महिन्यात पाळी नऊ-दहा दिवस चालली आणि पुढच्या महिन्यात पूर्वीसारखी आली, तर तारखा लिहून ठेवून लक्ष ठेवलं तरी चालतं, मात्र गरोदरपणाची शक्यता नसावी आणि स्राव फार जास्त नसावा. दोन-तीन महिने ओळीनं असंच झालं तर तपासणी लांबवू नये.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाची गाडी दोन टोकांना अडकते. एक टोक अंगावर काढण्याचं. पाळी बारा दिवस चालते, पण सोयाबीनची सोंगणी तोंडावर असते, घरात सांगायचं कुणाला हेही कळत नाही, आणि ‘चाळिशीत असंच होतं’ हे शेजारणीनं सांगितलेलं असतंच. दुसरं टोक थेट ऑपरेशनच्या टेबलाचं: एक सोनोग्राफी, ‘पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल’ हे वाक्य, आणि आठवड्याभरात पिशवी बाहेर. या दोन टोकांच्या मध्ये चार-पाच साध्या पायऱ्यांची तपासणी आहे. तिच्यातला बराचसा भाग तालुक्याच्या ठिकाणी आणि उरलेला बुलढाणा, खामगाव किंवा अकोल्यात होऊ शकतो. हा लेख त्या मधल्या वाटेबद्दल आहे.

दुसरं टोक किती टोकाचं होऊ शकतं ते बीडमध्ये दिसलं. २०१९ साली ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. पाहणीत आलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एकीची. देशभरात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. बीडमधल्या या बायांपैकी अनेक जणी तिशीतल्या होत्या, आणि तक्रारी बहुतेक याच होत्या: अंगावर जास्त जातं, पांढरं जातं, पोट दुखतं. बीडला लागून जालना, जालन्याला लागून आपलं सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा. पुढे ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच शस्त्रक्रियांच्या प्रकरणात निकाल दिला आणि अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रानं २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असं सांगितलं. त्या सूचनांत राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आहेत. पण समितीपर्यंत गोष्ट पोचते ती ऑपरेशन झाल्यावर. त्याआधी बाईला आणि तिच्या घरच्यांना काय माहीत असतं, यावरच बरंचसं ठरतं.

पहिलं काम मोजण्याचं. दवाखान्यात ‘किती जातं?’ असं विचारलं की ‘खूप जातं’ किंवा ‘नेहमीसारखंच’ एवढंच उत्तर मिळतं, आणि दोन्हीतून काही कळत नाही, कारण जिचं वर्षानुवर्षं जास्त जातं तिला तेच नेहमीचं वाटतं. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० मिलिलिटरच्या पुढे ते जास्त धरतात. घरात मिलिलिटर कुणी मोजत नाही, म्हणून खुणा बघायच्या. पॅड किंवा जाड घडी दोन तासांच्या आत पूर्ण भिजते का? रात्री बदलायला उठावं लागतं का? पॅडवर कापड असं दुहेरी घ्यावं लागतं का? रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात का? यातलं एक जरी ‘हो’ असलं तरी स्राव जास्त आहे. कॅलेंडरच्या चौकोनात रोज बदललेल्या घड्यांचा आकडा लिहिला आणि गाठ पडली त्या दिवशी एक फुली मारली, तर असं तीन महिन्यांचं पान डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा कितीतरी जास्त सांगतं. अधूनमधून नुसते डाग पडत असतील तर तेही लिहावं. कारण दर महिन्याला ठरावीक वेळी येऊन बारा दिवस चालणारी पाळी आणि कधीही येऊन रेंगाळणारा स्राव यांची कारणं वेगळी असतात.

शरीराला याची किंमत कशी मोजावी लागते याचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. समजा एका पाळीत १२० मिलिलिटर रक्त गेलं, तर लोह गेलं ६० मिलिग्रॅम, म्हणजे महिन्यावर वाटलं तर रोज दोन मिलिग्रॅम. त्याखेरीज शरीरातून एरवीही रोज सुमारे एक मिलिग्रॅम लोह जातच असतं. आणि भाकरी, वरण, भाजी अशा जेवणातून अंगी लागतं ते दिवसाला फार तर एक ते दोन मिलिग्रॅम. म्हणजे रोज किमान एक मिलिग्रॅमची तूट. बाईच्या शरीरात लोहाचा साठा असतो तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तोही ती नीट खातपीत असली तर. दहा महिन्यांत तो संपतो, आणि त्यानंतर हिमोग्लोबिन उतरायला लागतं. उतरतं इतक्या हळूहळू की शरीर जमवून घेत राहतं. म्हणूनच सहा-सात हिमोग्लोबिन असलेली बाई कापूस वेचताना, डोक्यावर पाणी आणताना दिसते आणि ‘थोडं दमायला होतं’ एवढंच सांगते. माती किंवा बर्फ खावासा वाटणं, जिने चढताना छातीत धडधडणं, केस गळणं या त्याच तुटीच्या खुणा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याचा दोष नेहमी जेवणाला दिला जातो. पण जिला रक्तक्षय आहे तिला पाळी किती दिवस चालते हा प्रश्न विचारलाच जात नाही, आणि गोळ्या देऊन पाठवतात. वरून लोह ओतायचं आणि खालून ते वाहत राहायचं, असं वर्षानुवर्षं चालतं.

तपासणीची सुरुवात गरोदरपणाच्या चाचणीनं होते, आणि इथेच अनेक घरांत अडतं. ‘माझं ऑपरेशन झालंय’, ‘आमचं तसं काही नाही’ असं म्हणून ती टाळली जाते. तरी ती करायचीच, कारण नसबंदीनंतरही क्वचित गर्भ राहतो आणि तो नळीत राहण्याची शक्यता तेव्हा जास्त असते. लांबत गेलेला थोडा थोडा स्राव आणि पोटात एका बाजूला दुखणं, हे त्याचं चित्र असू शकतं. आशाताईकडे ‘निश्चय’ किट मिळतं, दहा मिनिटांचं काम आहे. गर्भपाताच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून घेतल्या असतील तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. त्या गोळ्यांनंतर दोन आठवडे रक्तस्राव चालणं अपेक्षितच असतं, काहींना महिनाभर थोडं थोडं जातं. पण स्राव कमी होण्याऐवजी वाढला, ताप आला किंवा घाण वास यायला लागला, तर आत काहीतरी राहिलं आहे असं समजून लगेच दाखवावं.

चाचणी निगेटिव्ह आली की कारणं वयाप्रमाणे बदलतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची पाळी सुरुवातीची दोन-तीन वर्षं अनियमित आणि लांबलेली असणं फार वेगळं नाही, कारण दर महिन्याला अंडं सुटत नसतं. अंडं सुटलं नाही की पिशवीच्या आतल्या अस्तराला थांबण्याचा इशारा मिळत नाही. ते वाढत जातं आणि मग तुकड्या-तुकड्यानं अनेक दिवस गळत राहतं. पण पहिल्याच पाळीपासून घड्या भिजत असतील, तिला नाकातून रक्त येण्याची सवय असेल, दात काढल्यावर रक्त थांबलं नसेल, आईला किंवा मावशीला बाळंतपणात फार रक्तस्राव झाला असेल, तर रक्त गोठण्याच्या दोषाची तपासणी करावी लागते. मुलीला दवाखान्यात न्यायला आया कचरतात त्यामागे बहुतेक वेळा आतून तपासतील ही भीती असते. लग्न न झालेल्या मुलीची आतून तपासणी सहसा करतच नाहीत. भरपूर पाणी प्यायला लावून पोटावरून सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या, एवढ्यानं काम भागतं.

पंचविशी-तिशीत आधी विचारायचं ते औषधांबद्दल. तांबी बसवली असेल तर पहिले तीन ते सहा महिने पाळी लांबते आणि जास्त जाते, त्यानंतर बरीचशी सावरते. ‘अंतरा’ इंजेक्शन घेणाऱ्यांना सुरुवातीला कधीही आणि कितीही दिवस डाग पडतात आणि पुढे पाळी बंदही होते. हा त्या औषधाचा परिणाम आहे, पिशवीचा आजार नव्हे. नवरात्रात किंवा लग्नाकार्यात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या वारंवार घेतल्या तरी चक्र विस्कटतं. याच वयात थायरॉईड आणि पीसीओएस आठवायचे. चाळिशीकडे जाताना अंडं सुटणं पुन्हा अनियमित होतं आणि त्याच सुमारास अस्तरात कोंब, पिशवीत गाठी, अस्तराचा पिशवीच्या भिंतीत शिरकाव अशी कारणंही जमायला लागतात. म्हणून ‘चाळिशीत असंच होतं’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. तपासून काही सापडलं नाही तर मग ते म्हणावं.

आणि ज्या बाईची पाळी सलग बारा महिने बंद होती, तिला नंतर एकदाही, अगदी डागाएवढंही अंगावर गेलं तर दिवस मोजत बसू नये. तिथे पहिल्याच दिवशी तपासणी लागते. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण अस्तराच्या कर्करोगाची सुरुवात याच एका खुणेनं होते आणि त्या वेळी पकडला तर तो बरा होतो. संबंधानंतर रक्त जाणं हीसुद्धा वयाची वाट न पाहता दाखवण्याची खूण आहे. तिथे पिशवीचं तोंड बघावं लागतं, आणि सरकारी केंद्रांत तिशीपुढच्या स्त्रियांसाठी ॲसिटिक ॲसिड लावून ती तपासणी होते.

आता एक उदाहरण घेऊ. बाई काल्पनिक आहे, पण तिच्या कागदांवरचं बोलणं कुठल्याही तालुक्यात ऐकू येतं. समजा चिखलीजवळच्या गावातली एकेचाळीस वर्षांची बाई. तीन मुलं, ऑपरेशन झालेलं, वजन वाढलेलं, अलीकडे मधुमेह निघालेला. सात महिन्यांपासून पाळी कधी पन्नास दिवसांनी येते, आली की बारा दिवस थांबत नाही, आणि पहिल्या चार दिवसांत गाठी पडतात. हिमोग्लोबिन ८.२. सोनोग्राफीच्या कागदावर तीन गोष्टी लिहिल्या आहेत: पिशवी थोडी मोठी, बाहेरच्या भिंतीत तीन सेंटिमीटरची गाठ, अस्तराची जाडी १४ मिलिमीटर. कागद बघून तिला सांगितलं जातं की पिशवीला सूज आहे, गाठ आहे, काढून टाका.

हा कागद सावकाश वाचायला हवा. तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच, तिला सूज म्हणणं चूक आहे. गाठ कुठे आहे हे तिच्या आकारापेक्षा महत्त्वाचं. पोकळीत डोकावणारी एक सेंटिमीटरची गाठ महिनोन्‌महिने रक्तस्राव घडवू शकते, आणि बाहेरच्या बाजूला असलेली तीन सेंटिमीटरची गाठ बहुतेकदा जन्मभर काहीच करत नाही. या बाईची गाठ तिच्या बारा दिवसांचं कारण असण्याची शक्यता कमी आहे. तिसरी ओळ मात्र विचार करायला लावणारी आहे. अस्तराची जाडी पाळीनंतर चार मिलिमीटर आणि पुढच्या पाळीआधी चौदा-पंधरापर्यंत जाते, त्यामुळे नुसत्या १४ आकड्यावरून काही ठरत नाही. पण पन्नास दिवसांनी येणारी पाळी, वजन आणि मधुमेह हे सगळं एकत्र धरलं तर अस्तरावर खूप काळ एकाच संप्रेरकाचा मारा झाला असण्याची शक्यता आहे, आणि ते तपासायला अस्तराचा तुकडा घ्यावा लागतो. पंचेचाळिशीपुढे लांबलेल्या रक्तस्रावात हा तुकडा घेतातच. आपल्याकडे बरेच तज्ज्ञ चाळिशीपासून घेतात, आणि वजन, मधुमेह किंवा पीसीओएस असेल तर त्याआधीही. बारीक प्लास्टिकच्या नळीनं, भूल न देता, बाह्यरुग्ण विभागातच हे होतं. पाळीत दुखतं तसं काही मिनिटं दुखतं. तुकडा प्रयोगशाळेत पाठवला गेला पाहिजे. पिशवी खरवडून आलेलं फेकून दिलं असेल तर त्या खरवडण्यातून निदान काहीच झालं नाही.

समजा अहवाल आला की अस्तर वाढलेलं आहे, पण पेशी बिघडलेल्या नाहीत. अशा वाढीतून वीस वर्षांत कर्करोग होण्याचं प्रमाण शंभरात पाचपेक्षा कमी आहे आणि बहुतेकींचं अस्तर औषधानं पूर्ववत होतं. सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे संप्रेरक सोडणारी तांबी. ती काही हजार रुपयांची असते, पण पाच वर्षं काम करते. पहिले तीन-चार महिने डाग पडत राहतात, हे आधी सांगितलं नाही तर बाया ती काढून टाकतात. नाही तर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सहा महिने. या गोळ्या थांबवल्या की दोन-चार दिवसांनी पाळी येतेच, तिला आजार परतला असं समजू नये. सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा घेऊन बघायचं. त्याबरोबर लोहाची गोळी, चहाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर, आणि हिमोग्लोबिन बारावर गेल्यानंतरही आणखी तीन महिने, कारण साठा भरायचा असतो. हाच अहवाल पेशी बिघडल्याचा आला असता, तर पिशवी काढण्याचा सल्ला योग्य ठरला असता. म्हणजे ऑपरेशन करायचं की नाही हे तुकड्याच्या अहवालावरून ठरतं. ‘गाठ’ या एका शब्दावरून ते ठरवता येत नाही.

अस्तरात दोष नाही, गाठ पोकळीत नाही, तरी स्राव जास्त आहे, अशा बाईला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड उपयोगी पडतं. जास्त जाण्याच्या तीन-चार दिवसांतच, दिवसातून तीन वेळा घ्यायचं. महिनाभर खाण्याची ती गोळी नाही. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल तर ती चालत नाही, म्हणून चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणू नये. रक्तस्राव दोन दिवस थांबवून मूळ कारण सहा महिने झाकून ठेवायलाही ती पुरेशी असते, हा तिचा दुसरा धोका.

काही वेळा मात्र तारखा लिहायला आणि तपासण्यांची वाट बघायला वेळच नसतो. तासाला एक जाड घडी भिजते आणि दोन तास तसंच चालू आहे, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, श्वास लागतो, किंवा चाचणी पॉझिटिव्ह आहे आणि पोटात दुखतं आहे, तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचं. जळगाव जामोद किंवा संग्रामपूरच्या सातपुड्याकडच्या गावातून निघायला अंतर मोठं पडतं, म्हणून सकाळ होण्याची वाट बघू नये. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर रक्त चढवायचं की शिरेतून लोह द्यायचं हे रुग्णालयातच ठरवावं लागतं.

बाकीच्यांसाठी जायचं कुठे, हा प्रश्न पूर्वीपेक्षा थोडा सोपा झाला आहे. हिमोग्लोबिन आणि गरोदरपणाची चाचणी उपकेंद्रात होते. बुलढाण्याचं जिल्हा स्त्री रुग्णालय आणि खामगावचं सामान्य रुग्णालय ही सोनोग्राफी आणि स्त्रीरोगतज्ज्ञासाठीची ठिकाणं. बुलढाण्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं, पण ते अजून नवं आहे. तुकड्याचा अहवाल किंवा अवघड केस अकोल्याच्या शासकीय महाविद्यालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात नेणं अजूनही भाग पडतं. दोन खेपा, दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं, हे ओझं खरं आहे आणि खासगीतल्या घाईच्या ऑपरेशनकडे बाया वळतात त्यामागे ते आहे. तरी कर्ज काढून केलेल्या ऑपरेशनपेक्षा या खेपा स्वस्त पडतात, आणि आधीचे सगळे कागद एका पिशवीत बरोबर नेले तर एखादी खेप वाचतेही.

पिशवी काढण्याचा सल्ला मिळालाच, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला कागद दाखवण्यासाठी आठवडा मागून घ्यावा. जोराचा रक्तस्राव चालू नसेल तर आठवड्यानं काही बिघडत नाही. विचारायचे प्रश्न थोडे आहेत: कारण नेमकं कोणतं, तुकड्याचा अहवाल कुठे आहे, औषध किंवा तांबी किती महिने करून पाहिली. ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ असं सांगितलं असेल, तर तोंडाची तपासणी झाली का आणि तिचा निकाल काय, हेही विचारावं, कारण तो लालसरपणा बहुतेक वेळा नैसर्गिक असतो. शेवटचा प्रश्न अंडाशयांचा. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले तर पस्तिशीतली बाई एका दिवसात रजोनिवृत्त होते आणि हाडं झिजणं, हृदयविकार हे धोके दहा-पंधरा वर्षं आधी मागे लागतात. संमतीपत्रावर सही किंवा अंगठा देण्याआधी त्यावर अंडाशय ठेवणार की काढणार हे लिहिलेलं आहे का, ते घरातल्या वाचता येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावं, आणि काढणार असं असेल तर का, हे डॉक्टरांकडून त्याच वेळी ऐकून घ्यावं.